‘मूल परत न्या’ असा फोन येण्याआधी

प्रश्न: मी बाल संरक्षणाच्या कामात नवीन आहे, उत्तर गोव्यात काम करते. फॉस्टर पालकांकडे मूल देण्याआधी त्यांच्याशी बैठका होतात, मूल जातं, पहिले काही आठवडे सगळे खूष असतात. मग फोन सुरू होतात: चोरी करतो, खोटं बोलतो, मुद्दाम त्रास देतो, परत न्या. ही मारहाणीतली मुलं नाहीत, घरी दुर्लक्ष झालेली आहेत. पालकांना आधी नेमकं काय सांगायचं आणि त्यांच्याकडून काय करून घ्यायचं?

उत्तर:

बैठका किती झाल्या यापेक्षा त्यांत बोलणं कशावर झालं ते बघा. ‘मूल सुरुवातीला त्रास देईल, धीर धरा’ हे वाक्य प्रत्येक पालक मान डोलावून ऐकतो. महिन्याभराने गादीखाली मुंग्या लागलेली चपाती सापडते तेव्हा ते कुणाला आठवतसुद्धा नाही. म्हणून वागणुकीच्या समस्यांची यादी मी वाचून दाखवत नाही. हेच मूल, याच घरात, दिवसाच्या कुठल्या वेळी काय करण्याची शक्यता आहे आणि तेव्हा आपल्या तोंडून कुठलं वाक्य निघायला हवं, एवढ्यावरच बैठक घालवते.

‘मारहाणीतली नाहीत’ असं तुम्ही लिहिलंय. पालकही पहिला प्रश्न हाच विचारतात, ‘मारलंबिरलं नाही ना कुणी?’ आणि नाही म्हटलं की त्यांना हायसं वाटतं. इथेच गैरसमज सुरू होतो. मार खाल्लेल्या मुलाच्या बाबतीत काय घडलं ते निदान सांगता येतं. दुर्लक्ष झालेल्या मुलाच्या बाबतीत जे घडायला हवं होतं तेच घडलेलं नसतं. रडल्यावर कुणी आलं नाही, पडल्यावर कुणी उचललं नाही, रात्री जेवण मिळेल की नाही याचा नेम नव्हता. यातून मूल एक हिशेब शिकतं: मोठी माणसं कधी असतात, कधी नसतात, मागून काही मिळत नाही, दिसेल तेव्हा घेऊन ठेवावं. नव्या घरात चार दिवस पोटभर जेवण मिळालं म्हणून हा हिशेब मोडत नाही. हे सगळं किती दिवस टिकणार, हे त्याला कळायला हवं असतं, आणि ते कळून घ्यायचा त्याच्याकडे एकच मार्ग असतो: ताणून बघायचं.

हे एका मुलाच्या गोष्टीतून सांगते. त्याला निखिल म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ८. वडील घर सोडून गेलेले, आईला दारूचं व्यसन. ती कधी एक, कधी दोन दिवस घरी यायची नाही. तेव्हा तो शेजाऱ्यांकडचं उरलंसुरलं, देवळातला महाप्रसाद, शाळेतलं दुपारचं जेवण यांवर राहायचा. बाल कल्याण समितीने त्याला डिचोली तालुक्यातल्या एका कुटुंबात ठेवायचा आदेश दिला. घरात नवरा-बायको, नवऱ्याची आई आणि त्यांची १४ वर्षांची मुलगी.

पहिल्या बैठकीत आम्ही निखिलच्या फाइलमधला सामाजिक तपासणी अहवाल समोर ठेवला आणि एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले. पहिल्यात अहवालातलं वाक्य, दुसऱ्यात त्यातून मूल काय शिकलं असेल, तिसऱ्यात ते आपल्या घरात कसं दिसेल. तिसरा रकाना पालकांनी स्वतः भरायचा, तो आपण भरून द्यायचा नाही. ‘आई दोन दोन दिवस घरी नसे’ यापुढे बाईंनी बराच विचार करून लिहिलं, ‘मी बाजारात गेले की फाटकात बसून राहील.’ त्यांच्या नवऱ्याने लिहिलं, ‘किंवा आपण परत येऊ तेव्हा ओळखच दाखवणार नाही.’ दोन्ही खरं ठरलं, वेगवेगळ्या आठवड्यांत. ‘शेजाऱ्यांकडे जेवायचा’ यापुढे त्यांना काही सुचेना. मी विचारलं, इथे आल्यावर तो कुणाच्याही घरात शिरून खायला मागेल का? वाड्यावर लोक काय म्हणतील? तेव्हा कुठे आजी बोलल्या, ‘म्हणतील, आम्ही पोराला उपाशी ठेवतो.’ हे आधी बोलून झालं असल्यामुळे पुढे तसं खरंच घडलं तेव्हा आजींनी त्याचा अपमान मानला नाही. शेजारणीला काय सांगायचं ते ठरलेलं होतं: ‘त्याला द्या काही द्यायचं तर, पण मला कळवा, म्हणजे जेवणाचा अंदाज येतो.’

दुसरी गोष्ट मी प्रत्येक घरी विचारते: तुम्हाला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो? प्रत्येक घराची एक दुखरी जागा असते. कुणाला खोटं बोलणं सोसत नाही, कुणाला उलट उत्तर, कुणाला अन्न टाकलेलं. मूल ती जागा शोधून काढतं. त्यात दुष्टपणा नसतो. ज्या माणसाच्या लहरीवर आपलं जेवण अवलंबून आहे त्याचा चेहरा वाचायला ते फार लवकर शिकलेलं असतं. या घरात आजींना अन्नाची नासाडी सहन व्हायची नाही. मग आम्ही सराव केला. मी मूल झाले, पानातला भात जमिनीवर सांडला आणि आजींकडे बघत बसले. सराव आहे हे माहीत असूनही आजी पहिल्यांदा म्हणाल्या, ‘अन्नाला लाथ मारतोस, उपाशी राहशील!’ त्यावर हसू आलं सगळ्यांना. पण निखिलच्या कानांना ‘उपाशी राहशील’ कसं ऐकू येईल यावर मग बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलेलं वाक्य असं होतं: ‘भात सांडला. ये, दोघं मिळून उचलू. भूक असेल तर अजून आहे.’ ते चार-पाच वेळा म्हणून घेतलं. वाचायला हे बालिश वाटेल, पण रागाच्या भरात माणसाच्या तोंडून सवयीचंच निघतं, म्हणून नवं वाक्य आधी जिभेवर बसवावं लागतं.

एक वाक्य मात्र घरातल्या सगळ्यांसाठी, पाहुण्यांसकट, पूर्ण बंद: ‘असं वागलास तर परत पाठवीन.’ चेष्टेतसुद्धा नाही. मूल नेमकं हेच विचारत असतं आणि या वाक्यातून त्याला हवं ते उत्तर मिळून जातं. मग ते पाठवलं जायची वाट बघत बसत नाही, आपणच घाई करतं. त्याच वेळी ‘तू आता कायमचा आमचा’ असंही म्हणू द्यायचं नाही. फॉस्टर केअर बाल कल्याण समितीच्या आदेशाने चालतं, आई सावरली तर मूल परत तिच्याकडे जाऊ शकतं, आणि खोटं पडणारं वचन या मुलांनी पुष्कळ ऐकलेलं असतं. ‘आज तू इथे आहेस, उद्या शाळेतून इथेच येणार आहेस, रात्री इथेच जेवणार आहेस,’ एवढं म्हणायचं आणि तेवढं खरं करून दाखवायचं.

पहिले तीन आठवडे निखिल आदर्श होता. आपलं ताट आपण धुवायचा, ‘मावशी, काही काम आहे का’ विचारायचा, काहीही वाढलं तरी खायचा. पालकांना हे दिवस येतील असंही सांगून ठेवायला हवं, आणि हे दिवस म्हणजे मूल रुळलं असं समजू नका हेही. त्या काळात मूल पाहुण्यासारखं घर वाचत असतं. ८ वर्षांचं मूल तीन आठवड्यांत एकदाही हट्ट करत नाही, पडल्यावर रडत नाही, कुणाकडे काही मागत नाही, तर ते दबून आहे. बहुतेक ठिकाणी दोन ते सहा आठवड्यांत हे संपतं. काही मुलं पहिल्याच दिवसापासून ताणतात, काहींना दोन-तीन महिने लागतात. म्हणून तारीख सांगू नका, खूण सांगा: पहिला हट्ट झाला की मुलाला थोडा विश्वास वाटायला लागला आहे.

खाण्याची तयारी मात्र मूल यायच्या आधीच हवी, कारण दुर्लक्ष झालेल्या मुलाची परीक्षा बहुधा स्वयंपाकघरातच सुरू होते. मी सांगते ती व्यवस्था अशी. जेवणाच्या आणि मधल्या खाण्याच्या वेळा ठरलेल्या, साधारण दर अडीच-तीन तासांनी काहीतरी. मुलाच्या हाताला लागेल अशा जागी त्याच्या नावाचा एक डबा. त्यात न नासणारं काही: भाजलेले शेंगदाणे, चणे, चुरमुरे, पोदेराकडची काकणं, शिवाय वर एखादं केळं. तो केव्हाही उघडावा, कुणाला विचारायचं नाही, रात्री उशाशी घेऊन झोपला तरी चालेल. डबा रोज ठरावीक वेळी पालकांनी आपणहून भरायचा, मुलाने सांगायची वाट बघायची नाही. काम होतं ते या भरण्यामुळे. खाण्याचं कपाट आणि फ्रिज यांना कुलूप नाही. खाणं बक्षीस म्हणून द्यायचं नाही आणि शिक्षा म्हणून काढून घ्यायचं नाही. काय आणि केव्हा हे मोठ्यांनी ठरवायचं, किती हे मुलाने.

पालक घाबरतात की अशाने मूल खातच राहील. सुरुवातीला खातंच. काही मुलांना पोट भरल्याचं कळतच नाही, उलटी होईपर्यंत खातात. अशा वेळी हातातलं ताट ओढून घ्यायचं नाही. लहान वाढायचं, शेजारी बसून सावकाश जेवायचं, ‘अजून आहे, दुपारीही आहे’ असं सांगायचं. डबा असूनही गादीखाली चपाती सापडेल. ती सापडली की गुपचूप फेकू नका, त्याला वाटेल कुणीतरी पळवली. ‘ही खराब झाली, मुंग्या लागल्यात. ही काढू आणि डब्यात दुसरं ठेवू,’ असं त्याच्यासमोर करा. फरक पडतोय हे कसं ओळखायचं? डब्यात संध्याकाळी काहीतरी उरायला लागतं. मूल पानात घास टाकून खेळायला पळतं. अन्न टाकलेलं बघून आनंद व्हावा अशी ही एकच वेळ, आणि आजींना हे आधी सांगावं लागतं.

निखिलच्या घरी पाचव्या आठवड्यात चवथ आली. माटोळीची गडबड, घर पाहुण्यांनी भरलेलं, जेवणाच्या वेळा विस्कटलेल्या आणि त्याचा डबा दोन दिवस कुणी भरला नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या नेवऱ्यांचा डबा रिकामा झाला. दिराने सगळ्यांसमोर विचारलं, ‘तू घेतल्यास?’ ओठांना पीठीसाखर लागलेली असताना निखिल म्हणाला, ‘नाही.’ ‘असली मुलं अशीच,’ असं कुणीतरी म्हणालं. निखिलने दप्तर उचललं आणि म्हणाला, ‘मला सोडा तिकडे.’

ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे तो प्रश्न विचारू नये, हे आम्ही सरावात घेतलं होतं. दिराला ते माहीत असायचं कारण नव्हतं. ‘तू घेतल्यास का’ या प्रश्नाला घाबरलेलं मूल खोटंच बोलणार, आणि मग चोरीच्या जोडीला खोटेपणाचं नवं भांडण उभं राहतं. बाई त्याला घेऊन आत गेल्या. त्यांनी जे म्हटलं ते मला फोनवर सांगितलं तसं लिहिते: ‘नेवऱ्या तुझ्याकडे आहेत हे मला ठाऊक आहे. तुझा डबा भरायचा राहिला, ते माझं काम होतं. उरलेल्या आण, पाहुण्यांसाठी ठेवू, तुझ्या दोन तुझ्या डब्यात.’ मग त्याला जवळ बसवून त्याच्याकडून नारळ खोवून घेतला. तासभर तो काही बोलला नाही. खोलीत एकटं बसवणं, अबोला धरणं या शिक्षा अशा मुलावर चालवू नयेत. एकटेपणाच तर त्याने भोगलेला असतो. चूक झाल्यावर त्याला जवळ घ्यायचं, हातात काम द्यायचं, भरपाई छोटी आणि त्याच दिवशी संपणारी ठेवायची. सगळ्यांसमोर ‘सॉरी म्हण’ हा आग्रह नको.

आता आमच्या प्रशिक्षणांत नेहमी निसटून जाणारा भाग. हे एवढं चांगलं हाताळल्यावर वागणं सुधारलं का? बिघडलं. पुढचे सहा-सात आठवडे सगळ्यात वाईट होते. त्याने बाईंना चावा घेतला, शाळेत जायला नकार दिला, मुलीच्या दप्तरात पाणी ओतलं. नेवऱ्यांच्या वेळी त्याला जे उत्तर मिळालं त्यावर त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने परीक्षा अवघड केली. पालकांना हे आधी माहीत नसेल तर ते म्हणतात, ‘प्रेमाने वागून पाहिलं, उपयोग नाही, आता धाक दाखवू,’ आणि ऐन वेळी पद्धत बदलतात. बदललेली पद्धत म्हणजे मुलाच्या लेखी निकाल. म्हणून मी सरळ सांगते: तुम्ही बरोबर वागाल त्यानंतर काही काळ ते जास्त वाईट वागेल.

त्रासाचा बहुतेक वाटा बाईंच्या वाट्याला येतो, कारण मूल ज्याच्या जवळ जायला लागतं त्यालाच जास्त ताणतं. संध्याकाळी घरी आलेला नवरा म्हणतो, ‘माझ्यासमोर तर शहाण्यासारखा असतो.’ या एका वाक्याने घर मोडतं. दोघांना एकत्र बसवून आधीच सांगा की असं दिसणार आहे, आणि असं दिसणं म्हणजे बाईचं काही चुकतंय असा अर्थ नाही. रोज झोपण्यापूर्वी दोघांनी एका वहीत तीन ओळी लिहायच्या: काय झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं, आपण काय केलं. निखिलच्या वहीतून कळलं की भडके बहुतेक रविवारी संध्याकाळी आणि जेवण लांबलं की उडतात. रविवारी आई गायब व्हायची, हे अहवालात नव्हतं.

घरातल्या मुलीचाही विचार बैठकीतच करा. तिच्या कपाटाला कुलूप दिलं, आणि ते योग्यच होतं. स्वयंपाकघर उघडं असावं पण तिच्या वह्या सुरक्षित असाव्यात. भिजलेल्या वह्यांना नवी कव्हरं निखिल आणि काकांनी बसून घातली. आठवड्यातून एक संध्याकाळ ती आणि आई दोघीच बाहेर जायच्या, आणि तेव्हा निखिलजवळ कोण थांबणार हे आधी ठरलेलं असायचं. असा दोन तास मोकळा करून देणारा माणूस, मावशी असो की शेजारी, मूल येण्यापूर्वी शोधून ठेवायचा. वैतागल्यावर शोधायला गेलं तर मिळत नाही.

आपल्या भेटींनीही मूल हलतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ प्रमाणे समितीकडून फॉस्टर कुटुंबाची दरमहा तपासणी व्हायची असते, आणि मुलाला वाटतं, न्यायला आले. भेटीच्या आधल्या दिवशी पालकांनी सांगायचं: ‘उद्या बाई येतील, तुझ्याशी एकट्याने बोलतील, घर बघतील आणि चहा घेऊन जातील. तू दुपारी इथेच जेवशील.’ आईला भेटून आल्यावरचे दोन-तीन दिवसही असेच जातात. भेटीनंतर मूल बिघडतं म्हणून भेटी बंद करा, असा आग्रह पालक धरतात. तो लगेच मान्य करू नका. आधी भेटीनंतरचा दिवस मोकळा ठेवून पाहा, पाहुणे नाहीत, शिकवणी नाही, आवडीची पेज आणि लवकर झोप.

सगळंच परीक्षा समजू नये, ही दुसरी बाजू. पहिल्या पंधरवड्यात बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी हवी: जंत, रक्ताची कमतरता, दात, कान, डोळे. हाक मारल्यावर न ऐकणारं मूल कधीकधी खरंच ऐकू येत नसलेलं असतं. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठता असू शकते. स्वतःला इजा करणं, प्राण्यांना छळणं, आग लावणं, वयाला न शोभणारं लैंगिक वागणं, खाऊनही वजन न वाढणं, यांत वाट न बघता त्याच दिवशी तुम्हाला कळवायचं. मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर खोदून विचारायचं नाही, ऐकून घ्यायचं आणि कळवायचं. पोक्सो कायद्याने ते बंधनकारक आहे. रात्री-अपरात्री तुम्ही मिळाला नाहीत तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर, फोन करायचा.

निखिल पाचव्या महिन्यात अंगणात पडला, गुडघा फुटला आणि रडत बाईंकडे आला. आधीही तो पडायचा, पण फडक्याने आपणच पुसायचा. बाईंनी मला फोन करून सांगितलं तेव्हा त्यांना वाटत होतं, पोर नाजूक झालं. मी म्हटलं, वहीत तारीख घालून लिहून ठेवा. त्यानंतरही तो खोटं बोलायचा, आईच्या भेटीनंतर डबा उशाशी परत यायचा. पण दुखलं की माणसाकडे जायचं, हे त्याला कळलं होतं.

आणि तरीही ‘परत न्या’ असा फोन आलाच, तर आदेश समितीचा आहे, असं एकदम परत देता येत नाही, हे पहिल्या वाक्यात ऐकवू नका. ते खरं आहे, पण त्याने पालक तुमच्याशी बोलणं बंद करतील. विचारा, आज काय झालं? मूल आत्ता कुठे आहे, ऐकत तर नाही? काल रात्री झोप झाली का तुमची? मोकळं करणारा माणूस शेवटचा कधी आला होता? मग त्याच दिवशी, जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी, घरी जा आणि वही मागा. बऱ्याचदा दिसतं की डबा भरणं सुटलंय, झोपेचं खोबरं झालंय किंवा नवरा-बायकोचं बोलणं थांबलंय. तेवढं सावरलं की पुढचा महिना निघतो. वहीत मारल्याचं दिसलं, घरातल्या मुलीला धोका दिसला किंवा पालकांच्या मनातून मूल पार उतरलेलं दिसलं, तर ओढून ताणून चालवू नका, समितीपुढे जा. आणि मूल हलवायचंच ठरलं तर कपडे, दप्तर आणि त्याचा डबा बरोबर द्या, पालकांनी स्वतः पोचवायला यावं, आणि का हलवलं ते मुलाला मोठ्यांच्या अडचणीच्या शब्दांत सांगावं, त्याच्या वागण्याच्या नाही.